मालक उशीखाली

मामांना फोन भिंतीवर फेकायचा होता. पाठीच्या ऑपरेशनमुळे हात तेवढा मागे जाईना, म्हणून तो पायाशी पांघरुणात जाऊन पडला. धड फेकताही आला नाही म्हणून ते आणखी भडकले.

“हे माझं मशीन?” ते म्हणाले. “हे असं? केळ्यासारखं?”

शिट्टीने फोन उचलला. पडद्यावर एक लांबलचक पट्टी होती. कारखान्याचं छत कमानीसारखं वर वाकलेलं. मशीनांच्या रांगा होडीसारख्या खाली झुकलेल्या. मधोमध मालक, हातात माइक. आणि पट्टीच्या अगदी कडांना मामांचं लेथ. अर्धं डाव्या कडेला, अर्धं उजव्या कडेला.

“वाकवलंस ते वाकवलंस, वर दोन तुकडे पण केलेस. जन्मभर त्या मशीनच्या बेडवर केसाएवढा फरक खपवून घेतला नाही मी.”

“सपाट दिसतंय म्हणून तसं वाटतंय, मामा. खरं ते गोल आहे.”

“मी सपाट पडलोय तेवढं पुरे आहे की घरात.”

मामी दारातून म्हणाली, “आधी गोळी घ्या. मग भांडा.”

“भांडत नाहीये. विचारतोय.”

“तुमचं विचारणं जिन्यापर्यंत ऐकू जातं.”

शिट्टीच्या दातांच्या फटीतून बारीक आवाज यायला लागला होता.

त्या आवाजावरूनच तिचं नाव पडलं. लहानपणी राग आला की ती रडायची नाही, हातपाय आपटायची नाही. पुढच्या दोन दातांतून हवा सोडत बसायची, तार स्वरात, समोरचा शरण येईपर्यंत. नाव मामांनी ठेवलं. तिची आई पाळीच्या नोकरीवर जायची, त्यामुळे तिचं बालपण मामाच्या घरी गेलं, आणि सुट्टीच्या दिवशी मामाच्या कारखान्यात. मामा टर्नर, लेथवर धातू कातणारे. ती लोखंडी पेटीवर बसायची आणि हत्यारापुढून निघणारी धातूची कुरळी साल बघायची. हात लावायची परवानगी नव्हती. एकदा शाळेत तिला कुणी ढकललं, ती दुपारभर शिट्टी वाजवत राहिली, तेव्हा मामांनी पितळेच्या सळईतून तिला एक गोळा करून दिला. लिंबाएवढा, गुळगुळीत. “कुठूनही बघ,” ते म्हणाले, “सारखाच दिसला पाहिजे. नाहीतर तो गोळा नाही, बटाटा.”

तो गोळा आता स्टुडिओत तिच्या टेबलावर होता. ती तिथे व्हिडिओ जुळवायचं काम करायची. आधी शाळांची संमेलनं, दुकानांच्या जाहिराती. मग स्टुडिओच्या मालकाने, ज्याला सगळे दादा म्हणत, चहूबाजूंचं चित्रण करणारा कॅमेरा घेतला. पाठीला पाठ लावलेली दोन फुगीर भिंगं. एक अर्धं जग इकडचं टिपतं, दुसरं तिकडचं, आणि नंतर संगणकावर दोन्ही शिवून एक करायची. घरं विकणारे, हॉटेलवाले, अशांची कामं यायला लागली. हा कॅमेरा शिट्टीला मनापासून आवडला. तिचं म्हणणं होतं की साध्या कॅमेऱ्याने काढलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे कुणीतरी तुमची मान धरून केलेली जबरदस्ती. हे बघ, ते बघू नको. या कॅमेऱ्यात मान तुमची.

म्हणून मामांचा कारखाना बंद व्हायचा ठरला आणि निरोपाच्या दिवशी मामा नेमके अंथरुणाला खिळलेले, तेव्हा तिने दादाकडे हाच कॅमेरा मागितला. दादा लगेच हो म्हणाला. कारखान्याच्या मालकालाही त्या दिवसाची एक छोटी फिल्म हवीच होती. एकाच चित्रणात दोन्ही कामं होणार होती.

कॅमेरा असा की जो तिथे उभा राहील तो चित्रात येतो. म्हणून तिने तो हॉलच्या मधोमध उंच स्टँडवर लावला, फोनवरून चालू केला आणि स्वतः स्टोअरच्या भिंतीआड जाऊन उभी राहिली. मालक दरवाजाकडच्या बाजूला बोलायला उभा राहिला. कामगार त्याच्याकडे तोंड करून. मामांचं लेथ सगळ्यांच्या पाठीमागे. भाषण संपलं, सगळे अंगणात चहाला गेले, तीही गेली. परत आत येऊन एकत्र फोटो काढायचा बेत होता, म्हणून कॅमेरा चालूच ठेवला. पण दार लागलं. थोड्या वेळाने वॉचमनने कॅमेरा स्टँडसकट बाहेर आणून तिच्या हातात दिला. “आत नका जाऊ आता, ताई. मागे गाडी लागलीय.” मधे आतून धाडधाड आवाज आले होते. माल भरत असतील, असं सगळे म्हणाले आणि आणखी एकेक कप चहा घेतला.

स्टुडिओत तिने शिवलेली फाइल उघडली, चहाच्या सुट्टीपर्यंतचा भाग ठेवला, उरलेला न बघताच कापला आणि रोजच्या हाताने बाहेर काढला. रोजचा हात, तिथेच घोळ झाला. ती फाइल उघडल्यावर पट्टीसारखीच दिसते. तिच्या पोटात एक चिठ्ठी असते: हे चित्र गोल आहे, गुंडाळून दाखवा. ती चिठ्ठी असली तर फोन ती पट्टी गोळ्यासारखी गुंडाळतो आणि बघणाऱ्याला गोळ्याच्या आत उभा करतो. नेहमीच्या पद्धतीने कापलं आणि गोल चित्राची खूण करायची राहिली, तर चिठ्ठी गळून पडते. मग फोनला काय कळणार? तो पट्टीची पट्टी दाखवतो. सरळ रेघा वाकतात, आणि जे बरोबर पाठीमागे असतं ते दोन कडांवर फाटून येतं.

हे सगळं तिने मामांना सांगितलं. संत्र्याची साल काढून टेबलावर दाबून बसवावी तसं, असंही सांगितलं.

“म्हणजे मशीन अख्खं आहे,” मामा म्हणाले.

“अख्खं आहे. चिठ्ठी लावली की दोन्ही कडा जुळतील.”

“नक्की?”

“मामा, मी ह्याचीच भाकरी खाते.”

ते जरा शांत झाले. त्यांना बाकी काही नको होतं. कारखाना बंद होणार म्हटल्यावर लोक चिडले होते, फाटकाशी धरणं धरून बसायचं म्हणत होते. मामांनी मालकाकडे जाऊन एकच गोष्ट मागितली: हे लेथ भंगारात घालू नका, प्रशिक्षण शाळेला द्या, पोरं त्याच्यावर शिकतील. मालकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला. मामांनी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, माणूस सरळ आहे, आपणही सरळ निघू. मामांच्या शब्दावर लोकांनी तो विचार सोडला. त्यानंतर आठवड्याभरात मामांच्या पाठीने दगा दिला.

“शाळेत न्यायच्या आधी एकदा जागेवर बघू दे मला. तिथं गेलं की ते त्यांचं.”

दुसऱ्या दिवशी शिट्टी स्टुडिओत गेली तेव्हा दादा तिच्या खुर्चीवर बसला होता. पितळेचा गोळा तळहातावर घोळवत होता.

“मालकांची फिल्म झाली,” तो म्हणाला. “रात्री मीच बसलो. बघ, मस्त सपाट केलीय.”

तिने बघितली. गोल चित्रातून एक चौकट कापून ती इकडून तिकडे फिरवायची, जिथे थांबवायची तिथे खूण ठोकायची, असं ते काम असतं. दादाचा हात त्यात बसलेला होता. चौकट मालकाच्या चेहऱ्यावरून निघायची, एखाद्या म्हाताऱ्या कामगाराच्या डोळ्यांवर टेकायची, आणि पुन्हा मालकावर. खाली संथ वाद्यसंगीत. मागे एकदाही वळत नव्हती.

“मशीन कुठाय मामांचं?”

“चौकटीत बसलं नाही.”

“अख्खं जग बसलंय त्या कॅमेऱ्यात. एक लेथ बसलं नाही?”

“शिट्टे, सकाळी सकाळी सुरू होऊ नको.”

“मला मूळ फाइल हवी. मामांना गोल दाखवायचंय.”

दादाने गोळा टेबलावर ठेवला. तो घरंगळायला लागला, त्याने बोटाने अडवला. “गोल बाहेर जाणार नाही. मालकांनी सांगितलंय. सपाटच.”

“का?”

“गिऱ्हाईक आहे. त्याला सपाट हवं, सपाट द्यायचं.”

“मीही गिऱ्हाईकच आहे. मामांसाठी मागून नेला होता कॅमेरा.”

“फुकट नेला होतास.”

“म्हणून माझ्या मामाने कुठे बघायचं ते तो ठरवणार? आयुष्यभर त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली ही माणसं. आता घरी बसून पण त्याच्याकडेच बघायचं?”

“आवाज कमी कर.”

“माझा आवाज नाहीये, दात वाजताहेत.”

खरंच वाजत होते. पलीकडच्या खोलीतल्या मुलीने कानांत हेडफोन घातले.

दादा म्हणाला, “तू शेवटपर्यंत बघितलंस का ते?”

“चहापर्यंत बघितलं.”

“बघ मग. इथे बसून बघ. नंतर भांड माझ्याशी.”

त्याने चहूबाजूंचं चित्रण बघायला डोळ्यांवर चढवतात तो चष्मा तिच्यापुढे सरकवला आणि स्वतः उठून खिडकीशी गेला.

चष्म्यात ती पुन्हा त्या हॉलच्या मधोमध उभी राहिली. आधी कामगारांच्या पाठी, मग रिकामा हॉल. दाराजवळ पडलेल्या खुर्च्या. काहीच घडत नव्हतं. मग पाठीमागे खडखड झाली. ती खुर्चीसकट वळली.

मागचं शटर वर गेलं होतं. चौघंजण आत आले. एकाने मामांच्या लेथवर पिवळी फुली मारली. पायातले बोल्ट काढले गेले. दोन पहारी खाली गेल्या. लेथ हळूहळू कलंडलं आणि आडवं पडलं. धूळ उडाली. मग एकाने घण उचलला. पहिल्या घावाला नुसती ठिणगी. दुसऱ्यालाही. माणूस दमला, दुसऱ्याने घण घेतला. कितीतरी वेळ. मग लेथचा बेड, तळाचा लांब पाया, मधोमध तुटला, भाकरी मोडावी तसा नाही, दगड फुटावा तसा, आणि दोन तुकडे एकमेकांपासून थोडे सरकले.

बाकीच्या एकाही मशीनला त्यांनी हात लावला नव्हता. सुरुवात इथून.

शेवटी वॉचमनचा चेहरा आला, प्रचंड मोठा, भिंगाजवळ, आणि त्याच्या तळव्याने सगळं झाकलं.

तिने चष्मा काढला. तिच्या तोंडून कसलाच आवाज येत नव्हता. दादाला त्याची भीती वाटली.

“म्हणून म्हणत होतो,” तो म्हणाला. “मला काय हौस आहे? ऑपरेशन झालेला माणूस. त्याला काय दाखवणार? हे?”

तिने चष्मा टेबलावर ठेवला.

“पहिला भाग दे. चहापर्यंतचा. त्यात मशीन उभं आहे. अख्खं. चिठ्ठी लावून दे, मी नाही म्हणत नाही. समाधान होईल त्यांचं. नंतर कधीतरी सांग, हळूहळू.”

दादाचा तिला राग यायला हवा होता. तो कुठे ठेवावा ते तिला कळेना. तिने स्वतःच तर सांगितलं होतं, मामा, मशीन अख्खं आहे. आणि दादा म्हणत होता ते अगदी सोपं होतं. कात्री आधीच चालली होती, तिच्याच हाताने. फक्त गप्प राहायचं होतं.

तिने दोन फाइली केल्या. एक चहापर्यंतची, एक पूर्ण. यावेळी काहीही विसरली नाही. मामांना उताणं झोपूनच बघायचं होतं, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर कारखान्याचं छत येणार. तेव्हा अख्खा गोळाच फिरवायला हवा होता, इतका की समोरचं ते बिछान्यावर पडलेल्या माणसाच्या नाकासमोर येईल. पण समोरचं म्हणजे कुठलं? मान अर्धी इकडे वळते, अर्धी तिकडे. जे बरोबर मागे जाईल ते उशीत. काहीतरी उशीत जाणारच होतं. तिने लेथ वर घेतलं. मग पोटातली चिठ्ठी तपासली, दोन्ही फाइलींची. दादा बघत होता. पूर्ण फाइल कशाला, असं त्याने विचारलं नाही. तो खिडकीकडे वळला.

संध्याकाळी मामीने दार उघडलं. “सकाळपासून विचारताहेत. दाढी करवून घेतली माझ्याकडून, मशीन बघायचंय म्हणून.”

मामांच्या हनुवटीवर ब्लेडचा एक छोटा लाल ओरखडा होता. शिट्टीने प्लास्टिकच्या चष्म्यात फोन बसवला, पट्टा त्यांच्या डोक्यामागून घेतला.

“मालक कुठे आहे ह्यात?” मामांनी विचारलं.

“तुमच्या उशीखाली.”

मामा हसले, पाठ दुखू नये इतपतच. “तिथेच राहू दे.”

तिने चहापर्यंतची फाइल लावली. मामांची मान डावीकडे गेली. उजवीकडे गेली. मग वर, म्हणजे समोर, आणि तिथेच थांबली. डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि हवेत कशावर तरी टेकला.

“उभं आहे,” ते म्हणाले.

“हं.”

“सरळ आहे. वाकडं नाही. माझाच रुमाल आहे तो हँडलवर. अगं, ऐकतेस का, माझा रुमाल लावलाय कुणीतरी.”

“ऐकते,” मामी म्हणाली.

“शाळेत नेताना तो रुमाल काढा म्हणावं. पोरं हसतील.”

शिट्टी भिंतीला टेकून उभी होती. खोलीत गोळ्यांचा आणि दाढीच्या साबणाचा वास होता. भाषण संपल्याचा आवाज फोनमधून आला, टाळ्या, खुर्च्या. मग फाइल संपली.

मामांनी चष्मा काढला नाही. “पुढे?”

“सगळे चहाला गेले.”

“ते कळलं. पुढे?”

“झालं.”

“तू तर म्हणाली होतीस कॅमेरा चालूच होता.”

मामांनी एका हाताने चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे बघितलं.

“मालक उशीखाली आहे म्हणालीस. त्याला तू अजून एकही शिवी घातली नाहीस. आल्यापासून दात वाजले नाहीत तुझे.”

“दमलेय.”

“शिट्टे. तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून ओळखतो मी तुला. गप्प बसलीस म्हणजे काहीतरी फोडलंयस.”

“मी नाही फोडलं.”

हे तिच्या तोंडून निघून गेलं. मामी हातातला पेला घेऊन तशीच उभी राहिली.

“कुणी फोडलं?” मामांनी विचारलं.

“नका बघू, मामा.”

“मला मान आहे. अजून वळते. कुठे बघायचं ते मी बघेन.”

हे तिचंच वाक्य होतं. दादाच्या तोंडावर फेकलेलं. तिने फोन काढला, पूर्ण फाइल लावली, कापलेल्या जागेवर आणली, आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला.

खोलीत शटरचा आवाज आला. पहारीचा. धपकन काहीतरी पडल्याचा. मग घाव. एकेक घाव फोनच्या छोट्या स्पीकरमधून पत्र्यावर चमचा वाजवल्यासारखा येत होता. मामी खुर्चीवर बसली. मामांची मान हलली नाही. नुसता जबडा हलत होता.

घाव थांबले.

“बीड आहे ते, ओतीव लोखंड,” मामा म्हणाले. “चांगलं बीड. म्हणून वेळ लागला त्यांना.”

मग ते म्हणाले, “आता उशीखालचा वर आण.”

“काय?”

“तो. मालक. घण चालला होता तेव्हा तो कुठे होता, ते बघू दे मला.”

तिने हे केलं नव्हतं. लेथ तुटताना तिनेही लेथच बघितलं होतं. मान फिरवायची मोकळीक होती आणि तिने फिरवली नव्हती. तिने फोन काढून घेतला, चित्र मागे नेलं, आणि घाव चालू असतानाच बोटाने गोळा पलीकडे फिरवला.

लागलेल्या दाराच्या आत मालक उभा होता. हॉलकडे पाठ करून. एका कानाला फोन. मागून येणाऱ्या आवाजाचा त्रास होत होता, म्हणून दुसऱ्या कानात बोट.

ती मामांना दाखवायला वाकली. दोघांनी मिळून बघितलं. घाव पडला की तो बोट आणखी आत घालायचा.

आता तिचे दात वाजायला लागले.

“कानात बोट घातलं त्याने,” मामा म्हणाले. ओरडून नाही. “मी लोकांना सांगितलं, माणूस सरळ आहे. मी सांगितलं. आणि ह्याने कानात बोट घातलं.”

“पाणी प्या,” मामी म्हणाली.

“नको पाणी. शिट्टे, हे नेटवर चढव. सगळ्यांना दिसू दे.”

“कॅमेरा दादाचा आहे, मामा. गोल बाहेर द्यायचं नाही असं ठरलंय.”

“मग तू ठरव. मी तुला सांगू शकत नाही. मी लोकांना एकदा सांगून बसलोय.” ते दमले होते. “पण चढवलंस तर गोलच चढव. तुकडा कापून फक्त घण दाखवशील, तर तो म्हणेल दुसऱ्या दिवशीचं आहे, मी तिथे नव्हतो. दोघं एका वेळेला आहेत त्यात. तो आणि घण.”

तिने दादाला फोन लावला. लपूनछपून करायचं तिला जमलं नसतं.

“चढवतेय,” ती म्हणाली. “पूर्ण. गोल.”

“वेडी आहेस का? कॅमेरा माझा होता.”

“माहीत आहे.”

“आणि मशीन त्याचं होतं. त्याने ते फोडलं, विकलं, काही केलं. कायद्याने त्याचंच होतं.”

ते खरंच होतं. “मशीन त्याचं होतं,” ती म्हणाली. “शब्द मामांचा होता. तोही त्याने वापरला.”

“उद्या येऊ नकोस मग.”

“येणार. माझा गोळा आहे तिथे. तो घ्यायला येणार, आणि तुमच्याशी भांडायला येणार. अजून भांडून झालं नाही माझं.”

दादाने फोन ठेवला नाही. मग तो कुरकुरत म्हणाला, “गोळा फिरवलेली प्रत चढवू नकोस. ती झोपलेल्या माणसासाठी आहे. उभ्याने बघणाऱ्याला छत जमिनीवर दिसेल. सरळवाली घे.” आणि फोन कट झाला.

तिने सरळवाली घेतली. शिवून काढलेली, न कापलेली. मामांच्या पलंगाच्या काठावर लॅपटॉप ठेवून पोटातली चिठ्ठी पुन्हा तपासली. होती. फाइल चढायला लागली. चढली. तिने उघडून बघितलं, आणि पडद्यावर पुन्हा तीच पट्टी. वाकलेलं छत. कडांवर फाटलेलं लेथ.

“आलं तुझं केळं,” मामा म्हणाले.

“थांबा. चिठ्ठी वाचायला वेळ लागतो साइटवाल्यांना. लगेच गोल होत नाही.”

“त्यांना पण?”

“त्यांना पण.”

त्यांनी वाट बघितली. मामीने भात लावला. जेवणं झाली, मामांचं आडवं पडूनच, चमच्याने. मग शिट्टीने पुन्हा उघडलं. पट्टी नव्हती. हॉल होता. बोटाने ओढला की फिरत होता.

तिने कामगारांच्या ग्रुपवर फक्त दुवा टाकला. फाइल पाठवली असती तर वाटेत दाबून बारीक झाली असती आणि चिठ्ठी पुन्हा गळाली असती. दुव्याखाली काय लिहावं ते तिला सुचेना. मामा म्हणाले, काही लिहू नको, त्यांना डोळे आहेत.

सगळ्यात आधी वेल्डरचा फोन आला. मामांच्या शेजारी ज्याने उभा जन्म काढला तो. ऐकायला कमी येत असल्यामुळे तो नेहमी ओरडून बोलायचा. शिट्टीने फोन मामांच्या उशीजवळ धरला.

“काय पाठवलंय हे?” वेल्डर ओरडला. “मालकाचं भाषण आहे नुसतं. तेच ते. तिथं ऐकलं होतं की आम्ही. पुन्हा कशाला?”

“पुढे ढकल. भाषण संपू दे,” मामा म्हणाले.

“ढकललं. संपलं. दाराशी उभा आहे. फोनवर बोलतोय. मग?”

“आता बोट लाव आणि फिरव.”

“कुठे?”

“मागे.”

“मागे म्हणजे? हे तर सरळ दिसतंय.”

“पडद्यावर बोट ठेव आणि ओढ. ओढ की. गोल आहे ते. मागे जा.”

“खिडक्या दिसताहेत.”

“अजून मागे.”

“स्टोअर दिसतंय.”

“अजून मागे, गाढवा,” मामा ओरडले, आणि त्यांच्या पाठीतून कळ गेली ती चेहऱ्यावर दिसली, तरी ते थांबले नाहीत. “तुम्ही सगळे पाठ करून उभे होतात ना, तिथं बघ. मागे.”

पलीकडून घावाचा आवाज आला, बारीक, फोनमधून फोनमध्ये. मग दुसरा. वेल्डर कधी गप्प बसायचा नाही. आता त्याचा नुसता श्वास येत होता. खोलीत शिट्टीचे दात वाजत होते, तार स्वरात, आणि यावेळी कुणीही तिला गप्प हो म्हटलं नाही.